चित्र महिन्याचं, घड्याळ दिवसाचं

वाचकाचं पत्र

मी ४६ वर्षांचा शिक्षक. चार वर्षांपासून थोडे थोडे शेअर घेतो. मंथली चार्टवर अनेक वर्षांचा बेस, म्हणजे भाव एकाच पट्ट्यात अडकून राहिलेला काळ, तोडून वर आलेला शेअर दीर्घ मुदतीला सर्वांत चांगला, असं सगळीकडे ऐकतो. तसे दोन शेअर ब्रेकआउटच्या दिवशीच घेतले, पाच टक्के खाली स्टॉप-लॉस लावला आणि दोन्ही वेळा तो लागला. त्यातला एक शेअर आज माझ्या खरेदीच्या जवळजवळ दुप्पट आहे. आता आणखी एका शेअरने याच आठवड्यात आठ वर्षांचा बेस तोडलाय. नेमकी माझी सहा लाखांची ठेवही या महिन्यात सुटतेय. पाया आठ वर्षांचा म्हणजे उडीही तशीच असणार, म्हणून सगळी रक्कम यात घालावी असं वाटतं. पत्नी म्हणते, ठेव पुन्हा ठेवा. थांबलो तर हीही संधी जाईल अशी धाकधूक आहे. काय करू?

— एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर

नमस्कार सर,

तुमचं पत्र वाचताना मी सर्वांत जास्त वेळ अडखळलो तो पाच टक्क्यांच्या स्टॉप-लॉसपाशी. शेअर निवडताना तुम्ही महिन्याचं चित्र पाहिलंत, पण घेतल्यानंतर घड्याळ मात्र दिवसाचं लावलंत. मंथली चार्टवरच्या एका कॅन्डलमध्ये वीस-बावीस दिवसांचे व्यवहार असतात. साधा, चांगल्या तब्येतीचा शेअरसुद्धा एका महिन्यात आठ-दहा टक्के खाली-वर होतो आणि तरी चार्टवर काहीच बदललेलं नसतं. म्हणजे तुमचा स्टॉप-लॉस त्या कॅन्डलच्या नेहमीच्या श्वासोच्छ्वासाच्या आतच होता. तो लागला यात बेसचा दोष नव्हता आणि तुमच्या निवडीचाही नव्हता. त्यामुळे तिसऱ्या शेअरचं ठरवण्याआधी हे घड्याळ बदलू.

त्यासाठी मी तुम्हाला निफ्टीचाच एक जुना बेस दाखवतो. तो सहा वर्षांचा होता, त्याचे आकडे कुणालाही तपासता येतात आणि त्यात तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आहेत. शक्य असेल तर निफ्टीचा मंथली चार्ट लॉग स्केलवर उघडा आणि २००७ ते २०१६ हा भाग समोर ठेवून पुढचं वाचा.

जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३५७ पर्यंत गेला. त्यानंतर जागतिक मंदीत कोसळून ऑक्टोबर २००८ मध्ये २,२५२ पर्यंत आला. तिथून उठत उठत नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत पुन्हा ६,३३८ ला टेकला आणि परत फिरला. बेसचं छत असं ठरतं: दोन वेळा, जवळजवळ तीन वर्षांच्या अंतराने, त्याच पातळीवर विक्री आली. पण छतापेक्षा मला नेहमी तळ जास्त महत्त्वाचे वाटतात. डिसेंबर २०११ मध्ये निफ्टी ४,५३१ च्या आसपास थांबला. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरत होता, सगळीकडे निराशा होती, तरी तो ५,११८ च्या खाली गेला नाही. बातम्या वाईट आणि तळ मात्र आधीपेक्षा वर, म्हणजे विकणाऱ्यांकडचा माल संपत आला होता. नुसती आडवी रेघ आठ वर्षं चालली म्हणून बेस चांगला होत नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तळ छताकडे सरकताहेत का, ते पाहायचं. तुमच्या शेअरचंही हेच पहिलं बघा.

आता ब्रेकआउट. ८ डिसेंबर २०१३ च्या रविवारी चार राज्यांचे निवडणूक निकाल लागले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, निफ्टी ६,४१५ पर्यंत चढला. सहा वर्षांचं छत फुटलं. त्या दिवशीचा बंद भावसुद्धा ६,३६३, म्हणजे २००८ च्या उच्चांकापेक्षा सहा-सात अंकांनी का होईना, पण वर होता. त्या सोमवारी मीही खरेदी केली होती. आठवड्याभरात निफ्टी छताच्या खाली आला, फेब्रुवारी २०१४ च्या पहिल्या आठवड्यात तो ५,९३३ ला होता आणि मी रोज संध्याकाळी आपण मूर्ख ठरलो का, एवढंच तपासत होतो. वरच्या टोकापासून ती घसरण साडेसात टक्क्यांची होती. तुमचा पाच टक्क्यांचा स्टॉप-लॉस तिथेही लागलाच असता.

आता हेच महिने फक्त महिनाअखेरच्या भावाने पाहा. डिसेंबर ६,३०४. जानेवारी ६,०८९. फेब्रुवारी ६,२७७. तिन्ही छताच्या खाली. महिन्याच्या घड्याळावर चालणाऱ्या माणसासाठी ब्रेकआउट झालेलाच नव्हता. त्याला काही करायचं नव्हतं आणि काही सोसायचंही नव्हतं. मग ३१ मार्च २०१४ ला महिना ६,७०४ वर बंद झाला. छताच्या साडेपाच टक्के वर. हा खरा ब्रेकआउट.

तुमच्या भागात हे वेगळं सांगायला नको. मृगाचा पहिला सडा पडला की पेरणीची घाई होते, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं जातं आणि दुबार पेरणी गळ्यात येते. जाणता शेतकरी पाऊस पडला म्हणून पेरत नाही, वाफसा आला म्हणून पेरतो. महिनाअखेरचा बंद भाव हा आपला वाफसा. तुम्ही लिहिलंय की बेस याच आठवड्यात तुटला. अजून तुटलेला नाही, सर. महिना संपेपर्यंत ती फक्त पडत असलेली सर आहे.

एक बारकावा सांगून ठेवतो, नाहीतर चार्ट पाहताना गोंधळाल. छत कुठे मानायचं, यावर दोन मतं असतात. कुणी मधल्या उच्चांकावर रेघ मारतं, म्हणजे ६,३५७ वर. कुणी फक्त महिनाअखेरचे भाव जोडून लाइन चार्ट काढतं. त्या हिशोबाने डिसेंबर २००७ चा ६,१३८ हा सर्वोच्च बंद होता आणि ऑक्टोबर २०१३ चा ६,२९९ हाच ब्रेकआउट ठरला असता. त्यानंतर जानेवारीत निफ्टी पुन्हा ६,०८९ वर, म्हणजे त्या रेघेखाली बंद झाला. चूक कुणाचीच नाही, पण मी स्वतः वरची रेघ मानतो. चार-पाच टक्के महाग मिळतं, फसवणूक मात्र कमी होते. कुठलीही एक पद्धत धरा. भाव जसा हलेल तशी रेघ हलवू नका.

तुमची धाकधूक खरी याच चार-पाच टक्क्यांची आहे. थांबलो तर संधी जाईल. म्हणून थांबण्याची किंमत मोजून पाहू. ६,३५७ ला न घेता ६,७०४ ला घेणाऱ्याने साडेपाच टक्के जास्त मोजले. त्यानंतर मार्च २०१५ मध्ये निफ्टी ९,११९ ला पोहोचला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये २६,२०० च्या वर. इतक्या लांबच्या वाटेत साडेपाच टक्क्यांनी फारसं बिघडत नाही. बेस खरोखरच अनेक वर्षांचा असेल, तर त्यानंतरची चढण तीन आठवड्यांत संपत नाही. आणि ती तीन आठवड्यांत संपणार असेल, तर दीर्घ मुदतीच्या माणसाला ती नकोच होती.

पण हा सांगण्याचा सोपा भाग झाला. ब्रेकआउटनंतर काय होतं, तिथे खरा कस लागतो. मार्च २०१५ च्या शिखरानंतर निफ्टी वर्षभर घसरत राहिला आणि २९ फेब्रुवारी २०१६ ला, बजेटच्या दिवशी, ६,८२५ पर्यंत आला. महिना बंद झाला ६,९८७ वर. दोन वर्षं होत आली आणि ६,७०४ ला घेणाऱ्याच्या हातात लाभांश सोडता चार टक्के उरले. बँकेच्या ठेवीने त्या काळात त्याच्या चौपट दिले असते. त्या महिन्यात असंख्य लोकांनी कंटाळून विकलं. चार्टवर मात्र २००८ चं छत अजून खाली शाबूत होतं. पूर्वीचं छत आता जमीन झालं होतं आणि भाव त्या जमिनीपर्यंत पोचलाही नव्हता. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या घसरणीत निफ्टी ७,५११ पर्यंत पडला. तोही ६,३५७ च्या बराच वर.

म्हणून 'संयमाने थांबा' असं कुणी सांगितलं की मी विचारतो, कुठे थांबायचं? बेसच्या आत की ब्रेकआउटनंतर? जानेवारी २००८ च्या शिखरावर घेऊन सहा वर्षं धरून बसलेल्याने संयम पुष्कळ दाखवला, पण त्याला लाभांशापलीकडे काही मिळालं नाही. बेस चालू असताना तुमची ठेव तुमच्यासाठी काम करत असते, तेव्हा तिथेच थांबलेलं बरं. ब्रेकआउटनंतर दोन वर्षं चार टक्क्यांवर बसणं हा दुसरा संयम, आणि तो जास्त अवघड. तुमच्याकडून मला तोच हवा आहे. रक्कम जितकी मोठी तितका हा संयम लवकर तुटतो, म्हणून सहा लाखांचा प्रश्न इथे येतो.

मी एकरकमी घेत नाही. एखाद्या बेससाठी जी रक्कम ठरवली असेल तिचे तीन भाग करतो. पहिला भाग छतावर महिना बंद झाल्यावर. दुसरा भाग तीन महिन्यांनी, पण मधल्या काळात प्रत्येक महिना छताच्या वर बंद झाला असेल तरच. तिसरा आणखी तीन महिन्यांनी, त्याच अटीवर. निफ्टीत हे कसं झालं असतं ते प्रामाणिकपणे सांगतो. मार्चअखेर ६,७०४, जूनअखेर ७,६११, सप्टेंबरअखेर ७,९६५. समान रकमा घातल्या तर सरासरी खरेदी ७,३९० च्या आसपास येते. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस हा माणूस पाच टक्क्यांहून थोड्या जास्त तोट्यात होता, एकरकमी घेणारा मात्र चार टक्के फायद्यात. म्हणजे या उदाहरणात भाग पाडण्याने नुकसानच केलं.

तरीही मी भाग पाडतो, आणि त्याचं कारण सोनं आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये सोन्याने डॉलरमध्ये १,९२० चा उच्चांक केला. त्यानंतर घसरण, डिसेंबर २०१५ मध्ये १,०५० च्या जवळ तळ, मग हळूहळू गोल वळण घेत वर. जवळजवळ नऊ वर्षांचा सुंदर बेस. जुलै २०२० चा महिना १,९७५ च्या आसपास, छताच्या वर बंद झाला. आपल्या नियमाने हा अगदी पक्का ब्रेकआउट. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोनं २,०७५ ला गेलं, ऑगस्टही छताच्या वर बंद झाला. आणि मग सप्टेंबर १,८८५ वर, ऑक्टोबर १,८७८ वर. दोन्ही महिने छताखाली. २०२२ च्या शरद ऋतूत ते १,६१५ च्या आसपास होतं. त्या २,०७५ च्या वर महिना बंद झाला तो मार्च २०२४ मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षांनी.

बंद भावाची वाट पाहूनही असं होतं. वाफसा बघून पेरलं तरी एखाद्या वर्षी पीक येत नाही, आणि हे टाळण्याची कुठलीही युक्ती मला माहीत नाही. पण तीन भागांच्या नियमाने काय झालं ते बघा. पहिला भाग जुलैअखेर घातला. ऑक्टोबरअखेर दुसऱ्याची वेळ आली तेव्हा लागोपाठ दोन महिने छताखाली बंद झाले होते, म्हणून दुसरा आणि तिसरा भाग गेलाच नाही. एक तृतीयांश रकमेवर पाच टक्क्यांच्या आसपास तोटा, म्हणजे ठरवलेल्या पूर्ण रकमेवर दोन टक्क्यांहून कमी. बाकी पैसे ठेवीत. निफ्टीत गमावलेली सरासरी ही याचीच फी होती, आणि कोणत्या वेळी ती फी वाया जाणार हे आधी कळत नाही.

बाहेर पडण्याचा माझा नियमही यातच आला: लागोपाठ दोन महिने छताखाली बंद झाले, तर मी बाहेर. एका महिन्यावर नाही, कारण पहिल्या वर्षात छतापर्यंत परत येऊन टेकणं अगदी स्वाभाविक असतं आणि तेव्हा थोडं आत-बाहेर होतंच. दिवसाच्या भावावर तर मुळीच नाही. नंतर पुन्हा महिना वर बंद झाला तर पुन्हा घेता येतं, थोडं महाग पडलं तरी. तुमच्या दुप्पट झालेल्या शेअरबाबतीत खरी हळहळ वाटायला हवी ती इथे: स्टॉप-लॉस लागल्यानंतर तो पुन्हा छतावर महिना बंद करून गेला असेल, तेव्हा तुम्ही रागाने त्याच्याकडे पाहिलं नसावं. बरेच जण पाहत नाहीत.

(सोन्याबद्दल जाता जाता: हा झाला डॉलरचा चार्ट. आपण सोनं रुपयात घेतो, आणि रुपयातल्या सोन्याने ऑगस्ट २०१३ मधलं दहा ग्रॅमला ३५ हजारांचं छत २०१९ मध्येच ओलांडलं होतं. आपले पैसे ज्या चलनात आहेत त्याच चलनाचा चार्ट बघावा.)

आता 'पाया मोठा तशी उडी मोठी' याकडे येऊ. ही समजूत अर्धवट आहे. नुसता वेळ गेल्याने काही साठत नाही. निफ्टीत त्या सहा वर्षांत काय साठलं ते पाहा. जानेवारी २००८ मध्ये निफ्टीचा पी-ई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, २८ च्या आसपास होता. मार्च २०१४ च्या अखेरीस तो १९ च्या थोडा आत. ६,३५७ ला २८ ने भागा: एका निफ्टीमागे नफा सुमारे २२५ येतो. ६,७०४ ला १९ ने भागा: सुमारे ३५० येतो. भाव जागच्या जागी होता आणि त्याखालचा नफा पन्नास-पंचावन्न टक्क्यांनी वाढला होता. छत फुटलं ते या दाबाने. बेस म्हणजे भावाने मागे थांबून नफ्याला पुढे येऊ देणं. नफा आलाच नसेल, तर आठ वर्षांचा बेस हा फक्त आठ वर्षं न हललेला शेअर असतो. असा शेअर तेजीच्या लाटेत एकदा छत ओलांडतो आणि लाट ओसरली की परत आत येतो.

म्हणून तुमच्या शेअरचा हा भागाकार या आठवड्यात करा. आठ वर्षांपूर्वीच्या शिखरावेळचा प्रति शेअर नफा आणि गेल्या चार तिमाह्यांचा प्रति शेअर नफा. प्रति शेअर, एकूण नाही. कारण काही कंपन्या या काळात नवे शेअर काढून पैसे उभारत राहतात. एकूण नफा दुप्पट झाला आणि शेअरची संख्याही दुप्पट झाली, तर जुन्या भागधारकाच्या वाट्याला काहीच वाढलेलं नसतं. आकडे वार्षिक अहवालात मिळतात. अर्ध्या तासाचं काम आहे. प्रति शेअर नफा आठ वर्षांत निदान दीडपट झालेला नसेल, तर चार्ट कितीही देखणा असला तरी मी त्या शेअरला हात लावणार नाही.

आणि चार्टवरचे जुने भाव बोनस-स्प्लिटप्रमाणे सुधारलेले आहेत ना, हेही बघून घ्या. रिलायन्सचंच घ्या. जानेवारी २००८ च्या वर्तमानपत्रांत तिचा भाव तीन हजारांच्या वर दिसेल. त्यानंतर २००९, २०१७ आणि २०२४ अशा तीन वेळा एकास एक बोनस झाला. आजच्या सुधारलेल्या चार्टवर तेच शिखर चारशेच्या आसपास दिसतं. तो नऊ वर्षांहून मोठा बेस होता आणि २०१७ मध्ये तुटला. न सुधारलेल्या चार्टवर तो बेस दिसतच नाही, त्याजागी न झालेल्या घसरणीच्या पायऱ्या दिसतात.

एवढं करूनही एक फरक राहतोच, आणि तुमच्या पत्नीच्या म्हणण्यात मला तो ऐकू येतो. मी उदाहरण दिलं ते निफ्टीचं. निफ्टी स्वतःची पडकी माणसं बाहेर काढत असतो. २००८ मध्ये युनिटेक, सुझलॉन आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स हे तिन्ही शेअर निफ्टीत होते. तिघांनाही आपलं २००८ चं शिखर पुन्हा दिसलं नाही. निर्देशांकाने त्यांना वगळून दुसरे घेतले आणि सहा वर्षांनी छत ओलांडलं. एकट्या शेअरला ही सोय नसते. आपल्याला चार्ट दाखवताना लोक बेस तोडून गेलेलेच शेअर दाखवतात. बेसमध्येच विरून गेलेल्यांचे चार्ट कुणी उघडत नाही. तेव्हा एकाच शेअरमध्ये सहा लाख, याला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. सहा लाखांपैकी या शेअरसाठी साठ हजार, तेही वीस-वीस हजारांच्या तीन भागांत. समजा छत ५०० आहे आणि महिना ५३० वर बंद झाला. वीस हजारांत ३७ शेअर येतील. नंतर दोन महिने ५०० च्या खाली बंद झाले आणि ४७५ ला बाहेर पडावं लागलं, तर तोटा दोन हजार पस्तीस रुपये. शिक्षकाच्या पगारात ही रक्कम झोप उडवत नाही, आणि झोप उडाली नाही तरच पुढच्या दोन वर्षांच्या घसरणीत हात थरथरत नाहीत. महिना छतापासून पंधरा टक्क्यांहून जास्त वर बंद झाला, तर पहिला भागही मी अर्धाच घेतो, कारण तिथून छताला टेकायला आलेला भावच आपल्याला दोन-तीन महिने तोट्यात ठेवतो.

उरलेल्या पाच लाख चाळीस हजारांपैकी निम्मे पत्नी म्हणतात तसे पुन्हा ठेवीत जाऊ द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचे चाळीस हजार मात्र मोडता येईल अशा वेगळ्या लहान ठेवीत ठेवा. बाकीचे निफ्टीच्या इंडेक्स फंडात दर महिन्याला थोडे थोडे. असे बेस एखाद्या माणसाच्या पाहण्यात वर्षाला दोन-चार येतात. हा गेला तर पुढच्यासाठी पैसे असावेत. पाच-सहा वेगवेगळ्या बेसमध्ये साठ-साठ हजार गेले आणि त्यातले निम्मे फसले, तरी टिकलेले शेअर दीर्घकाळ धरले तर ते फसलेल्यांची भरपाई करू शकतात. एका शेअरमध्ये सहा लाख असतील तर ही बेरीजच होत नाही. शेअर कोणता, हे तुम्ही लिहिलं नाहीत ते बरं झालं, कारण त्याच्या नावावर मी मत दिलं नसतं. त्यासाठी सेबीकडे नोंदणी असलेला, फक्त फी घेणारा सल्लागार गाठा.

आजच एक वही काढा. पहिल्या पानावर शेअरचं छत लिहा, त्याखाली आठ वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा प्रति शेअर नफा. मोबाइलवरची भावाची सूचना बंद करा. महिन्याच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी, साडेतीननंतर, बंद भाव त्या पानावर लिहा. छताच्या वर असेल तर दुसऱ्या दिवशी पहिल्या भागाचे शेअर. खाली असेल तर वही मिटा आणि पुढच्या महिनाअखेरीस उघडा.